वीज वितरणातील हानी: तांत्रिक किती, वाणिज्यिक किती आणि जाळ्यात काय बदललं की ती सर्वात जास्त घटते? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तांत्रिक आणि वाणिज्यिक हानीत नेमका फरक काय?

तांत्रिक हानी म्हणजे वाटेतच उष्णता होऊन गेलेली वीज. प्रवाह गेला की तार तापते, रोहित्राचा गाभा भार असो वा नसो चोवीस तास थोडी वीज खातो, ढिला जंपर तापतो. ही वीज कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

वाणिज्यिक हानीतली वीज मात्र कुणीतरी वापरलेली असते. दिवा लागलेला असतो, पंप चाललेला असतो, फक्त ती देयकात उतरत नाही. आकडा टाकून घेतलेली वीज यात येते. पण बंद पडलेलं किंवा मंद चालणारं मीटर, वर्षानुवर्षं सरासरीवर निघणारं कमी बिल, करंट ट्रान्सफॉर्मर असलेल्या मीटरला लावलेला चुकीचा गुणक, हेही त्यातच मोडतं. वाणिज्यिक हानी म्हटलं की सगळे चोरीकडे बोट दाखवतात. कार्यालयातल्या चुका त्यात किती आहेत ते सहसा कुणी मोजत नाही.

बिल दिलं, पण पैसे आले नाहीत. ही हानी कशात धरायची?

ती थकबाकी आहे, विजेची हानी नव्हे. अनेक ठिकाणी दोन्ही मिळून ‘एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी’ काढतात: १००% मधून बिलिंग कार्यक्षमता आणि वसुली कार्यक्षमता यांचा गुणाकार वजा करायचा. १०० युनिट सोडले, ८२ चं बिल झालं आणि त्यातले ९०% पैसे आले, तर गुणाकार सुमारे ७४% आणि हानी २६%. कंपनीचा ताळेबंद पाहायला हा आकडा ठीक आहे. तारा बदलायच्या की मीटर, हे मात्र त्यावरून कळत नाही. पुढे फक्त युनिटांचा हिशोब करू.

एकूण हानीतून तांत्रिक वेगळी कशी काढायची?

तांत्रिक हानी गणिताने काढता येते, वाणिज्यिक येत नाही. म्हणून एकूण तफावतीतून तांत्रिक वजा करायची. उरेल ती वाणिज्यिक.

एक उदाहरण घेऊ, पुढच्या उत्तरांतही तेच वापरू. १०० केव्हीएचं एक रोहित्र आहे, ११ केव्ही ते ४१५ व्होल्ट. त्याच्या एका बाजूला ६०० मीटर लांब, थ्री फेज, चार तारांची लघुदाब वाहिनी आहे. तार विझल, म्हणजे सुमारे ३० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची. तिचा रोध किलोमीटरला ०.९१ ओहम. ग्राहक साधारण सारख्या अंतरावर पसरलेले. सर्वाधिक भार ४० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८, भार गुणांक ४०%, म्हणजे सरासरी भार कमाल भाराच्या ४०%. रोहित्राच्या लघुदाब बाजूला मीटर आहे.

समजा, या मीटरवर महिन्यात १२,५०० युनिट दिसले आणि सगळ्या ग्राहकांच्या बिलांची बेरीज १०,२०० झाली. तफावत २,३००, म्हणजे १८.४%. वाहिनीची हानी गणिताने महिन्याला ६५० युनिट येते (ती कशी, ते पुढे). सर्व्हिस वायर, मीटर आणि सांधे यांचे १५० धरू. तांत्रिक झाली ८००, म्हणजे ६.४%. उरलेले १,५०० युनिट, १२%, वाणिज्यिक. या वाहिनीची तार जाड करून हे १,५०० युनिट परत मिळणार नाहीत.

हे वाहिनीचे ६५० युनिट आले कुठून?

टाँग टेस्टर घेऊन रोहित्राच्या बुडाशी तिन्ही फेजचा प्रवाह मोजला तेव्हा ११०, ६० आणि ४० अँपिअर दिसले, आणि न्यूट्रलमध्ये ६२. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून चारही प्रवाहांचे वर्ग करून बेरीज घ्यायची: २१,२००. याला ६०० मीटरच्या रोधाने, म्हणजे ०.५४६ ने गुणायचं. सगळा भार शेवटच्या खांबावर असता तर उत्तर तेवढंच राहिलं असतं. पण ग्राहक वाटेत पसरलेले आहेत, पुढे जाईल तसा प्रवाह कमी होतो, त्यामुळे हानी त्याच्या एक तृतीयांश येते. सर्वाधिक भाराच्या वेळी ३.८६, म्हणजे ढोबळ ३.९ किलोवॅट.

हे ३.९ दिवसाच्या २४ तासांनी गुणणं ही नेहमीची चूक. भार दिवसभर कमाल नसतो आणि हानी वर्गाने घटते, त्यामुळे हानीचा गुणांक भार गुणांकाहून बराच लहान असतो. अंदाजासाठी हे सूत्र चालतं, त्यात LLF म्हणजे हानीचा गुणांक आणि LF म्हणजे भार गुणांक:

```
LLF = 0.3 × LF + 0.7 × LF²
```

भार गुणांक ०.४ असेल तर उत्तर ०.२३२. वर्षाची हानी ३.८६ × ०.२३२ × ८,७६० म्हणजे सुमारे ७,८०० युनिट, महिन्याला ६५०. सूत्रातले ०.३ आणि ०.७ हे अनुभवाचे आकडे आहेत, भाराच्या आलेखाप्रमाणे बदलतात. मीटरमधून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी मिळत असतील तर सूत्र सोडा, प्रत्येक नोंदीचा वर्ग घ्या.

‘आमच्याकडे लाइन लांब आहे, म्हणून २५% हानी तांत्रिकच आहे’ असं सांगितलं जातं. खरं मानायचं का?

आधी शेवटच्या खांबावर व्होल्टेज मोजा.

लघुदाब वाहिनीत हानीची टक्केवारी आणि व्होल्टेज घटण्याची टक्केवारी एकमेकींना धरून चालतात, कारण दोन्ही त्याच प्रवाहातून आणि त्याच रोधातून येतात. आपल्या वाहिनीचा भार समतोल असता तर शेवटी २४० चे २२० व्होल्ट झाले असते, सुमारे ८% घट, आणि तेव्हाची हानी ६.७%. कमाल भाराला खरोखर २५% तांत्रिक हानी असेल तर शेवटच्या ग्राहकाकडे मोटर सुरूच होणार नाही, ट्यूब लागणार नाही आणि तक्रारींचा पाऊस पडेल. तिथे संध्याकाळी सातला २२५ व्होल्ट मिळत असतील तर ते २५% तांत्रिक नाहीत. मला हा ताळा सगळ्यात विश्वासाचा वाटतो, कारण त्याला कागद लागत नाही.

उलट बाजूनेही तो कामी येतो. आपल्या असमतोल वाहिनीत ११० अँपिअरच्या फेजवर शेवटी सुमारे १९२ व्होल्ट येतील आणि ४० अँपिअरच्या फेजवर २४० च्या आसपास. एकाच खांबावर दोन फेजमध्ये एवढी तफावत दिसली, की दोष तारेच्या जाडीचा नाही, भार वाटण्याचा आहे.

हिशोबात हानी उणे आली, किंवा शेजारच्या दोन रोहित्रांवर एकीकडे ४०% आणि दुसरीकडे २% दिसते. काय बिघडलं असेल?

बहुतेक वेळा तिथे हानीचा प्रश्नच नसतो, यादीचा असतो. ग्राहक एका रोहित्रावर जोडलेला आणि कागदोपत्री दुसऱ्यावर नोंदलेला. बिघाडाच्या वेळी भार तात्पुरता दुसरीकडे दिला, तो तसाच राहिला आणि नोंद कुणी बदलली नाही, हे फार घडतं. अशा वेळी दोन्ही रोहित्रांची बेरीज करून पाहा. एकत्र आकडा समंजस आला तर ग्राहक इकडचे तिकडे झालेत.

दुसरं कारण वाचनाच्या तारखा. रोहित्राचं मीटर १ तारखेला आणि ग्राहकांची ८ ते १५ मध्ये वाचली, की एका महिन्यात हानी फुगते, पुढच्यात आकसते. तिसरं, रोहित्राच्या मीटरच्या करंट ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर चुकीचं नोंदलेलं असतं. मग त्या मीटरचं वाचन दर महिन्याला एकाच पटीत चुकतं. हे तीन ताळे झाल्याशिवाय तारांवर टाकलेले आकडे शोधायला माणसं पाठवण्यात अर्थ नाही.

सगळा भर लघुदाब वाहिनीवरच का?

तेवढीच वीज ११ केव्हीवर नेली तर प्रवाह साडेसव्वीस पट कमी होतो. तार तीच ठेवली तर तारेच्या दर मीटर लांबीमागे हानी सुमारे सातशेपट कमी. याचा अर्थ ११ केव्हीची वाहिनी निर्दोष असते असा नाही. ती किलोमीटरच्या किलोमीटर धावते आणि शेकडो घरांचा भार वाहते. पण एका ग्राहकापर्यंतच्या वाटेत शेवटचे काही शे मीटर सर्वात महाग पडतात.

मग कोणता उपाय तांत्रिक हानी सर्वात जास्त कमी करतो?

रोहित्र भाराच्या मधोमध आणणं. मात्र त्याआधी फेज समतोल करायचे, कारण त्याला जवळपास काहीच लागत नाही. बाकी उपाय त्यानंतर. याच वाहिनीवर एकेक करून पाहू.

*फेज समतोल करणं.* ११०, ६०, ४० च्या जागी तिन्ही फेजवर ७० आणता आले तर न्यूट्रल रिकामी होते आणि हानी ३.९ वरून २.७ किलोवॅटवर येते. जवळजवळ तिसरा हिस्सा, एक मीटरही नवी तार न ओढता. लाइनमन आणि शिडी पुरते. न्यूट्रल फेजपेक्षा बारीक तारेची असेल तर फायदा याहून मोठा. तोटा इतकाच की समतोल टिकत नाही: पुढचं कनेक्शन देणारा नेहमी हाताला सोप्या येणाऱ्या तारेलाच सर्व्हिस जोडतो. शिवाय रात्री आणि दुपारी असमतोल वेगळा असतो, म्हणून माप कमाल भाराच्या वेळेला घ्यायचं. आणि फक्त रोहित्राच्या बुडाशी समतोल दिसून पुरत नाही. पहिल्या २०० मीटरचे ग्राहक एका फेजवर आणि शेवटचे दुसऱ्या फेजवर असतील तर बुडाशी आकडे सारखे दिसतील आणि पुढे न्यूट्रल भरलेलीच राहील.

*कपॅसिटर.* आता २.७ पासून पुढे. पॉवर फॅक्टर ०.८ म्हणजे या हानीतला ३६% वाटा रिॲक्टिव्ह प्रवाहाचा, म्हणजे उपयोगाचं काम न करता तारेतून नुसती ये-जा करणाऱ्या प्रवाहाचा. एकूण ३० केव्हीएआर लागतात. भार सारखा पसरलेला असताना एकच कपॅसिटर लावायचा तर त्याचं जुनं गणित आहे: एकूण गरजेच्या दोन तृतीयांश, दोन तृतीयांश अंतरावर. इथे २० केव्हीएआर, ४०० मीटरवर. हानी १.८ किलोवॅटवर येते. हाच कपॅसिटर रोहित्राच्या खाली डब्यात बसवला, आणि सोयीचा म्हणून तो तिथेच बसवला जातो, तर रोहित्राला आणि ११ केव्हीला फायदा मिळतो, लघुदाब तारेला शून्य. कायम जोडलेला कपॅसिटर पंप बंद झाल्यावर उलट रिॲक्टिव्ह प्रवाह वाहवतो, म्हणून भार बराच चढ-उतार करत असेल तर स्वयंचलित स्विच हवा. आणि वर्षभराने जाऊन पाहिल्याशिवाय तो चालू आहे असं धरू नये. फ्यूज उडालेला कपॅसिटर बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो.

*तार जाड करणं.* विझलच्या जागी रॅबिट घातली, म्हणजे सुमारे ५० चौरस मिलिमीटर, तर रोध किलोमीटरला ०.५४ ओहमवर येतो आणि कपॅसिटर न धरता हानी २.७ वरून १.६ किलोवॅटवर. पण सगळे ६०० मीटर बदलायची घाई नको. भार पसरलेला असल्यामुळे हानीचा ७०% वाटा रोहित्राजवळच्या पहिल्या २०० मीटरमध्येच असतो, कारण सगळ्यांचा प्रवाह तिथूनच जातो. तेवढेच बदलले तरी हानी १.९ वर येते. शेवटच्या २०० मीटरमध्ये चार टक्क्यांहून कमी हानी असते. तिथली नवी तार केवळ शोभेची.

*रोहित्र मध्यावर हलवणं.* आता ६०० मीटरची एक वाहिनी न राहता ३०० मीटरच्या दोन होतात. प्रत्येकीत प्रवाह निम्मा, रोध निम्मा. प्रवाहाचा वर्ग चौथा हिस्सा, त्याचं निम्मं म्हणजे आठवा हिस्सा, आणि अशा दोन बाजू. हानी एक चतुर्थांश: २.७ वरून ०.६७ किलोवॅट. तार तीच, रोहित्र तेच, फक्त जागा बदलली. शेवटच्या खांबावर २० व्होल्टची घट होती ती ५ व्होल्ट झाली. ११ केव्हीची वाहिनी ३०० मीटर पुढे न्यावी लागते, आणि ते सहज होत नाही: जागा, इमारतींपासूनचं अंतर, झाडं. पण हानीच्या हिशोबात त्याच्या जवळपास जाणारा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

क्रमही महत्त्वाचा. रोहित्र हलवल्यानंतर सगळी तार जाड केली तर फक्त ०.२७ किलोवॅट आणखी वाचतात. म्हणून आधी तार बदलून दोन वर्षांनी रोहित्र हलवणं म्हणजे तारेवरचा बराच खर्च पाण्यात.

मग उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे एका मोठ्या रोहित्राऐवजी अनेक छोटी, त्याहून चांगली नाही का?

तारेपुरतं पाहिलं तर हो. ६०० मीटरवर २५ केव्हीएची तीन रोहित्रं लावली, प्रत्येक आपल्या २०० मीटरच्या मध्यावर, तर लघुदाब तारेतली हानी ३६ व्या हिश्श्यावर येते, ०.०७ किलोवॅट.

पण रोहित्रांचीही हानी धरा. जुन्या साध्या रचनेच्या १०० केव्हीए रोहित्राची गाभ्याची हानी सुमारे २६० वॅट आणि पूर्ण भारावर गुंडाळीची सुमारे १,७६० वॅट. २५ केव्हीएच्या प्रत्येकाची सुमारे १०० आणि ६८५. आपला ५० केव्हीएचा भार मोठ्या रोहित्रावर निम्मा आहे, म्हणून गुंडाळीची हानी ४४० वॅट. तीन छोट्यांवर तो दोन तृतीयांश, म्हणून तिघांची मिळून ९०० च्या वर. वर्षाचा हिशोब केला तर मध्यावर हलवलेल्या एका रोहित्राच्या व्यवस्थेत तार आणि रोहित्र मिळून सुमारे ४,५०० युनिट जातात आणि तीन छोट्यांच्या व्यवस्थेत सुमारे ४,६००. तारेत वाचवलेलं रोहित्रात गेलं.

त्यामुळे या वाहिनीवर छोटी रोहित्रं लावायची असतील तर त्याचं कारण तांत्रिक हानी नव्हे. कारण दुसरं आहे: ११ केव्हीच्या तारेवर आकडा टाकायची कुणाची छाती होत नाही, आणि एक रोहित्र जळलं तर सगळी वस्ती अंधारात जात नाही. शेतपंपांसारखा विखुरलेला, किलोमीटरभर लांब लघुदाबाचा भार असेल तर गणित पालटतं आणि छोटी रोहित्रं तांत्रिक हानीतही जिंकतात. कमी हानीच्या गाभ्याची रोहित्रं घेतली तरी पालटतं. म्हणून प्रस्तावात फक्त तारेची हानी दाखवली असेल तर रोहित्रांची मागून घ्या.

चोरी थांबली तर तांत्रिक हानीही कमी होते का?

होते, पण चोरी कशी थांबली त्यावर अवलंबून. चोरलेली वीजही त्याच तारेतून जाते. आपल्या वाहिनीवर ११,७०० युनिट प्रत्यक्ष वापरले गेले, त्यातले १,५०० बिनहिशोबी. तो भार पूर्ण गेला तर प्रवाह सुमारे १३% घटतो आणि तारेची हानी वर्गाने, जवळपास चौथ्या हिश्श्याने: ६५० वरून ५०० च्या आसपास. पण तेच लोक मीटर घेऊन तेवढीच वीज वापरू लागले तर वाणिज्यिक हानी संपते आणि तांत्रिक जिथल्या तिथे राहते. प्रत्यक्षात पैसे भरायला लागले की वापर थोडा उतरतो, त्यामुळे उत्तर या दोहोंच्या मध्ये येतं.

उघड्या तारा काढून एरियल बंच केबल टाकली. तांत्रिक हानी किती घटेल?

केबलमधलं ॲल्युमिनियम तेवढंच असेल तर रोधाची हानीही तेवढीच. केबलला आकडा लागत नाही, फांदी घासून शॉर्ट होत नाही. फायदा तिथे आहे. आधीच्या तारेपेक्षा जाड केबल टाकली असेल तर जी घट दिसते ती जाडीची. अहवालात दोन्ही एकत्र लिहिलेलं असतं, ते वेगळं करून वाचावं.

आणि स्मार्ट मीटर?

तांत्रिक हानी एका युनिटानेही कमी होत नाही. पण वरचा सगळा हिशोब अंदाजाऐवजी मोजणीवर करता येतो: कोणता ग्राहक कोणत्या फेजवर, त्याच्याकडे किती व्होल्टेज, सगळी वाचनं एकाच क्षणाची.

सांधे, जंपर यांतून खरंच एवढी वीज जाते?

एकेकट्याकडे पाहा. ७० अँपिअर वाहणाऱ्या जंपरवर ०.०५ ओहमचा ढिला सांधा असेल तर तिथे २४५ वॅट उष्णता होते, जवळपास अख्ख्या १०० केव्हीए रोहित्राच्या गाभ्याएवढी. असा सांधा फार दिवस टिकत नाही, जळून तुटतो. हानी जास्त होते ती त्याच्याहून थोड्या बऱ्या, वर्षभर कोमट राहणाऱ्या सांध्यांत: तांब्याची सर्व्हिस वायर थेट ॲल्युमिनियमच्या तारेला नुसती गुंडाळलेली असते तिथे. थर्मल कॅमेरा कमाल भाराच्या वेळी फिरवला तर असे सांधे उठून दिसतात. दुपारी भार कमी असताना फिरवला तर सगळं आलबेल.

भार वेगवेगळ्या वेळांत विभागून देणं हा उपाय आहे का?

आहे, आणि तो चांगलाच आहे. तीच वीज ७० अँपिअरने चार तास देण्याऐवजी ३५ ने आठ तास दिली तर युनिट तेवढेच, तारेतली हानी निम्मी. पंपांचे गट पाडता येतात तिथे हे जमतं. संध्याकाळचा घरगुती भार असा हलवता येत नाही.

काम झाल्यावर हानी खरंच घटली हे कसं पडताळायचं?

मागच्या महिन्याची टक्केवारी आणि या महिन्याची टक्केवारी शेजारी ठेवून नाही. भार घटला की तांत्रिक हानीची टक्केवारी आपोआप घटते. उन्हाळ्यात काम करून पावसाळ्यात मोजलं तर कोणतंही काम यशस्वी ठरतं. कामाआधी तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचा प्रवाह आणि दोन्ही टोकांचं व्होल्टेज एकाच वेळी नोंदून ठेवा. कामानंतर एकूण प्रवाह तेवढाच असेल असा दिवस गाठून तीच मापं पुन्हा घ्या. रोहित्र मध्यावर आणलं असेल तर दोन्ही टोकांना मोजा: एका टोकाला घट पाच व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला पंधरा निघाली, तर रोहित्र खांबांच्या मध्यावर बसलंय, भाराच्या नाही.